पाच हुतात्मे आणि एक शब्दशोध

आजचा विषय जरा विचित्र आहे. इतिहासाची पाच नावं एका चौकोनी जाळ्यात लपवायची, आणि ती लपवताना त्यांचा अपमान होऊ द्यायचा नाही.

आधी घटना. ९ सप्टेंबर १९४२. 'चले जाव' सुरू होऊन जेमतेम महिना झालेला. नंदुरबारात शाळकरी पोरांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता पडला, वय पंधरा. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला.

आता दुसरा धागा. शब्दशोध हा खेळ तसा तरुण आहे. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावात नॉर्मन गिबॅट नावाच्या गृहस्थाने १ मार्च १९६८ला 'सेलेन्बी डायजेस्ट' या जाहिरातींच्या पत्रकात तो छापला. गावातल्या शिक्षकांनी वर्गासाठी प्रती मागितल्या आणि तिथून तो पसरत गेला. म्हणजे हा खेळ पहिल्यापासूनच मास्तरांचा आहे. तेव्हा ९ सप्टेंबरसाठी कुणी सहावीच्या पोरांना या पाच नावांचा शब्दशोध करून द्यायचं म्हटलं, तर त्यात वावगं काहीच नाही. अडचण पुढे आहे.

पहिला प्रश्न, एका घरात काय मावतं? इंग्रजीत एक लेटर, संपलं. आपल्याकडे `len("शिरीषकुमार")` विचारलं तर उत्तर 10 येतं, कारण कॉम्प्युटर प्रत्येक वेलांटी-उकार सुटा मोजतो. मराठी माणूस मात्र शि-री-ष-कु-मा-र असं सहा अक्षरांत वाचतो. घरं सहाच हवीत. वेलांटी एका घरात आणि तिचा श शेजारच्या घरात, असलं जाळं पोरं फेकून देतील, आणि ते योग्यच होईल.

अक्षर हे एकक धरलं की शब्द एकमेकांत गुंतवणं एकदम अवघड होतं. नुसतं 'श' जुळून भागत नाही, 'शि'ला 'शि'च हवा. म्हणून जिथे जुळतं तिथे मोह होतो, आणि तिथेच गडबड होते. ही दोन नावं बघा:

ध न सु ख ला ल
ला ल दा स

धनसुखलालचा शेवट 'लाल', लालदासची सुरुवात 'लाल'. शब्द जास्तीत जास्त गुंतवायला सांगितलेला कुठलाही प्रोग्राम इथे खूश होऊन दोन घरं वाचवेल आणि एका ओळीत 'धनसुखलालदास' लिहून टाकेल. पोरगं एकच लांब रेघ मारेल. दोन माणसं गेली होती, कागदावर एकच उरलं. म्हणून माझा नियम असा: दोन शब्दांनी एकमेकांना फक्त छेदायचं, तेही एकाच घरात. एकाच रेषेत एकावर एक चढायचं नाही. ('गोळीबार' आणि 'नंदुरबार' यादीत असतील तर तीच कथा, दोघांच्या शेपटीला 'बार'.)

धनसुखलाल आणि घनश्याम यांची भानगड वेगळीच आहे. 'धन' आणि 'घन'. झेरॉक्सच्या तिसऱ्या प्रतीवर ध आणि घ ओळखून दाखवा! तांत्रिकदृष्ट्या 'न' दोघांत आहे, छेद देता येतो. पण देऊ नये. ही दोन नावं जाळ्याच्या दोन टोकांना ठेवावीत.

आता मुख्य गोष्ट. शशिधर हे नाव गाठ मारायला फार सोयीचं आहे, कारण त्यात शिरीषकुमारचा 'शि' आहे आणि धनसुखलालचा 'ध'. आडवं शशिधर लिहून दोन्ही नावं खाली सोडली की झालं:

```
श  शि  ध  र
.  री  न  .
.  ष   सु .
.  कु  ख  .
.  मा  ला .
.  र   ल  .
```

प्रत्येक छेद एकाच घरात, नियम पाळलाय. पण चौथ्या ओळीतल्या 'कु'पासून तिरकं उजवीकडे खाली वाचा. हा शब्द कुणी टाकला नाही, भरणीचं एकही अक्षर अजून पडलेलं नाही. तो दोन हुतात्म्यांच्या नावांमधून उगवला. अर्थ बैठकीशी संबंधित आहे. आणि सहावीतलं पोरगं यादीतले शब्द शोधायच्या आधी हाच शोधेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मग वर्गभर खिदळणं, आणि मास्तर लालबुंद.

इथून कळतं की दोन शब्द समांतर, अगदी लगटून ठेवणं धोक्याचं असतं. त्यांच्यामधल्या शिवणीत आडवे आणि तिरके नवे शब्द तयार होतात. उपाय सोपा आहे. शिरीषकुमारला 'शि'वर न टांगता वरून खाली आणा, म्हणजे त्याचा शेवटचा 'र' शशिधरच्या 'र'वर उतरेल. धनसुखलाल 'ध'पासून खाली जाऊ दे. एक नाव ओळीच्या वर, दुसरं खाली. 'कु' आणि 'ला' आता सहा ओळी लांब आहेत. उंची अकरा ओळी लागते, म्हणून जाळं १२ × १२चं घ्या.

नंतर भरणी. १२ × १२ जाळ्यात शेजारच्या दोन घरांच्या ५०६ जोड्या असतात. सुलट-उलट धरून १०१२. कोडं कठीण व्हावं म्हणून भरणी पाच नावांतल्याच अक्षरांनी करायची पद्धत आहे, आणि ती अक्षरं भरतात फक्त १८. ढोबळ गणित करा: १०१२ भागिले १८ × १८, म्हणजे साधारण तीन. त्या अक्षरांतून बनणारी दोन अक्षरी शिवी जाळ्यात सरासरी तीनदा येणार! साठा १०० अक्षरांचा केला तर तेच दहा जाळ्यांत एकदा. तीन अक्षरी शब्दाला १८च्या साठ्यातही सात जाळ्यांत एकदा अशीच शक्यता. थोडक्यात, घाबरायचं ते दोन अक्षरी शब्दांना.

हेच गणित यादीलाही लागू पडतं. 'तापी' यादीत घातलंत तर दुसरी तापी भरणीतून वाहू शकते आणि उत्तरं दोन होतात. त्याऐवजी 'तापीनदी' घ्या.

मग 'कु' भरणीतून हद्दपारच का करू नये? कारण मग अख्ख्या जाळ्यात 'कु' एकदाच दिसेल आणि शिरीषकुमार दोन सेकंदांत सापडेल. त्यापेक्षा भरल्यावर आठही दिशांनी तपासा. खटकणारं सापडलं की भरणीचं एक घर बदला आणि त्या घरातून जाणाऱ्या रेषा पुन्हा बघा. तपासताना ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार सारखे धरा. शिवी ओळखताना शुद्धलेखन कुणी बघत नाही.

राहता राहिली टाळायच्या शब्दांची यादी. ती पुण्यात बसून नंदुरबारसाठी करता येत नाही. तिथे वर्गात मराठी आहे, पण घरी अहिराणी, भिलोरी, पावरी, गुजराती. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि जमातीचं नाव शिवीसारखं वापरणारे लोक अजून आहेत. अशा नावाशेजारी 'चोर' पडला तर दोन्ही शब्द यादीने सुटे-सुटे पास केलेले असतील. यावर प्रोग्राम नाही. तिथल्या दोन शिक्षकांना, शक्यतो वेगवेगळ्या घरभाषांच्या, छापण्याआधी जाळं आठही दिशांनी मोठ्याने वाचायला लावायचं. १२ × १२ला अर्धा-पाऊण तास जातो.