दोष दुरुस्ती गोषवारा (सहकारी संस्था)

लेखापरीक्षण अहवालातील आक्षेप, त्यांच्या पूर्ततेची स्थिती आणि मुदती एकत्र मांडून संस्थेच्या व्यवस्थापन समितीपुढे ठेवले जाणारे टिपण. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार लेखापरीक्षण कलम ८१ खाली होते. त्यात निघालेल्या दोषांचा खुलासा आणि दुरुस्ती कलम ८२ खाली करावी लागते. दुरुस्तीचा अहवाल ‘ओ नमुन्यात’ द्यावा लागतो. गोषवारा हे त्याआधीचे काम असून त्यावरून समिती ठराव करते आणि ओ नमुना भरला जातो.

यवतमाळमधील संदर्भ. कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यात पीककर्ज गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांमार्फत पोहोचते. कर्जाची रक्कम जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून संस्थेला आणि संस्थेकडून सभासदाला जाते. दप्तर बहुधा गटसचिवाच्या हाती असते आणि एका गटसचिवाकडे अनेकदा एकाहून अधिक संस्था असतात. संचालक स्वतः शेतकरी असल्याने जाड अहवाल वाचण्याऐवजी ते सचिवाने काढलेल्या गोषवाऱ्यावर विसंबतात. म्हणूनच त्यातील ‘पूर्तता झाली’ या शेऱ्याला अर्थ असावा लागतो.

रचना. प्रत्येक आक्षेपापुढे अहवालातील मुद्दा क्रमांक, आक्षेपाचा एका वाक्यातील आशय, संस्थेने केलेली कार्यवाही, पुरावा, जबाबदार व्यक्ती आणि मुदत येते. लेखापरीक्षकाच्या अभिप्रायाचा रकाना वेगळा ठेवतात. संस्थेने केलेली दुरुस्ती हा तिचा दावा असतो आणि तो मान्य झाला की नाही हे अभिप्रायावरून कळते. दोन्ही एकाच रकान्यात लिहिले, तर मान्य न झालेला मुद्दा मिटल्यासारखा दिसतो आणि पुढील वर्षीच्या अहवालात ‘मागील दोष कायम’ म्हणून परत येतो.

उदाहरण. दारव्हा तालुक्यातील एक कल्पित संस्था घेऊ. ३१ मार्च २०२४ अखेरचा लेखापरीक्षण अहवाल तिला १० जुलै २०२४ या तारखेचा मिळाला. त्यातील तीन मुद्दे असे :

| आक्षेप | कार्यवाही व पुरावा | स्थिती |
|---|---|---|
| बँकेचे देणे ८४ लाख, सभासदांकडून येणे ७६ लाख. अनिष्ट तफावत ८ लाख | ३ लाखांची मार्चमधील वसुली एप्रिलमध्ये बँकेत जमा. बँकेचा खातेउतारा | अंशतः. ५ लाखांचा खुलासा बाकी |
| ११ कर्जदारांच्या सातबारावर बोजा नाही | ७ जणांचे नवे उतारे | अंशतः. ४ बाकी |
| हातशिल्लक उपविधीतील मर्यादेपेक्षा जास्त | बँकेत भरणा. चलन व समितीचा ठराव | संस्थेच्या मते पूर्ण |

तिसऱ्या मुद्द्यात रक्कम भरली गेली असली, तरी ती मार्चमध्ये मर्यादेबाहेर पडून होती ही वस्तुस्थिती बदलत नाही. अशा दोषाला ‘दुरुस्त’ म्हणण्याऐवजी कारण, भरण्याची तारीख आणि पुन्हा न घडण्यासाठी केलेली व्यवस्था लिहितात. दुसऱ्या मुद्द्यात नुसता ‘कार्यवाही चालू’ असा शेरा पुरत नाही. राहिलेल्या चार कर्जदारांचे खाते क्रमांक आणि तलाठ्याकडे दिलेल्या अर्जांच्या तारखा नोंदवल्या, तर काम कुठे अडले ते कळते.

पहिला मुद्दा सर्वांत नाजूक आहे. सभासदाकडून वसूल झालेली रक्कम बँकेत न जाता संस्थेच्या खर्चात वापरली गेल्यास, किंवा बँकेने आकारलेले व्याज संस्थेला सभासदांकडून येणे दाखवता आले नाही, तर अनिष्ट तफावत पडते. पावतीपुस्तक, रोजकीर्द आणि बँकेचा उतारा खातेवार ताडून पाहिल्यावर कारण निघते. पावती फाडलेली पण रोजकीर्दीत जमा नाही असे आढळले, तर तो अपहाराचा संशय ठरतो आणि ‘दुरुस्ती चालू’ या शेऱ्याखाली तो झाकता येत नाही. कलम ८८ खालील नुकसानभरपाईची जबाबदारी त्यातून उद्भवू शकते.

मुदती. कलम ८२ प्रमाणे अहवालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत खुलासा व दुरुस्ती करून निबंधकाला कळवायचे असते. वरील संस्थेसाठी ही मुदत १० ऑक्टोबरला संपते. पण वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि दुरुस्ती अहवाल पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा असतो. सभा २५ सप्टेंबरला असेल आणि उपविधीनुसार १४ पूर्ण दिवसांची सूचना द्यायची असेल, तर ती १० सप्टेंबरपर्यंत सभासदांच्या हाती पडायला हवी. त्यामुळे गोषवारा समितीपुढे ऑगस्टअखेर यावा लागतो. गोषवाऱ्यात कायद्याच्या मुदतीशेजारी ही आतली मुदतही लिहितात.

मर्यादा. गोषवारा मूळ अहवालाची जागा घेत नाही. आक्षेप वादग्रस्त वाटला तरी तो गाळता येत नाही. समितीने ‘मान्य नाही’ असे कारणासह लिहायचे असते आणि लेखापरीक्षकाचा अभिप्राय येईपर्यंत तो मुद्दा प्रलंबित धरायचा असतो.