दाढीची छटा व गळ्याची सफाई (छायाचित्र-संस्करण)

जवळून टिपलेल्या पुरुषाच्या छायाचित्रात गळ्यावरची लव, वस्तऱ्याने उठलेले पुरळ आणि दाढीची निळसर छटा सौम्य करण्याचे काम. यवतमाळ, पुसद, वणीकडच्या लग्नसराईत ते नवरदेवाच्या फोटोवर हमखास करावे लागते. आदल्या दिवशी घोटून केलेली दाढी, त्यावर उन्हाळ्याचा घाम. गळा लालबुंद होतो.

पुरळ आधी काढतात. कुरळ्या केसाचे कापलेले टोक वळून पुन्हा कातडीत शिरले की फोड येतो. फोटोशॉपमध्ये रिकाम्या लेयरवर Healing Brush घेऊन Sample: Current & Below ठेवावे. ब्रश फोडापेक्षा किंचित मोठा असावा आणि नमुना गळ्यावरच्याच, तशाच उजेडातल्या कातडीचा घ्यावा. गालाचा नमुना घेतला तर रंध्रांचा पोत जुळत नाही आणि ठिगळ उघडे पडते. सुटी लवही अशीच, केसाच्या दिशेने काढावी.

निळसर छटा मात्र पुसायची नसते. ती कातडीखालच्या केसांची असते, म्हणून फक्त रंग बदलावा. नव्या लेयरचा मोड Color करून गालाचा रंग मऊ ब्रशने जबड्यावर भरावा आणि अपारदर्शकता वीस टक्क्यांच्या आसपास आणावी. त्याहून वाढवली तर जबडा नारिंगी दिसतो.

धूसर करण्याचा सोपा मार्ग सर्वांत वाईट: कातडी मेणासारखी होते. हनुवटीखालची सावलीही राखावी, नाहीतर चेहरा आणि गळा एकच सपाट पट्टा वाटतो. फोटो छपाईच्या आकारात पाहून लेयर बंद-चालू केल्यास अतिरेक लगेच कळतो.