दोन क्लच, तीन तेलं

रशियाच्या झारच्या गाड्या सांभाळलेला फ्रेंच अभियंता अडॉल्फ केग्रेस याने 1939 च्या सुमारास दोन क्लचच्या गिअरबॉक्सची कल्पना मांडली: एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. महायुद्ध आलं आणि ती मागे पडली. 1980 च्या दशकात पोर्शने ती शर्यतीच्या गाड्यांत वापरली. 2003 मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर32 मधून ती रस्त्यावर आणली. ‘डीक्यू250’ नावाच्या त्या सहा गिअरच्या पेटीत क्लच तेलात बुडालेले होते.

तेलाची खरी कहाणी इथून सुरू होते. या ओल्या पेटीत एकच तेल गिअरना वंगण पुरवतं, क्लच थंड ठेवतं, दाब पोहोचवून गिअर बदलवतं आणि क्लचच्या चकत्यांची पकडही ठरवतं. नेमकी पकड मिळावी म्हणून त्यात ठरावीक रसायनं मिसळलेली असतात. साधं ऑटोमॅटिकचं तेल ओतलं, तर चकत्या घसरतात किंवा झटक्याने धरतात. चकत्यांची झीज तेलात उतरते, उष्णतेने तेलही थकतं. म्हणून दर 60,000 किलोमीटरला ते फिल्टरसह बदलायचं. खालचा बोल्ट काढला की थोडंच तेल येतं. आतली प्लास्टिकची नळी काढली, की सुमारे पाच लिटर बाहेर पडतं. मग नळी परत बसवून नवं तेल भरायचं आणि इंजिन चालू ठेवून, तेलाचं तापमान 35 ते 45 अंशांत असताना, जास्तीचं नळीतून वाहू द्यायचं. थंड तेलावर पातळी तपासली तर ती चुकते, आणि मला वाटतं, घाईच्या सर्व्हिसमध्ये सर्वाधिक चुकणारी पायरी हीच.

2008 मध्ये सात गिअरची ‘डीक्यू200’ आली. हिचे क्लच कोरडे. तेल ढवळण्यात वाया जाणारी ताकद वाचली, पण इंजिनाच्या जोराला 250 न्यूटन-मीटरची मर्यादा आली. इथे तेलं दोन: गिअरसाठी जेमतेम पावणेदोन लिटर, आणि मेकाट्रॉनिक्स या नियंत्रक भागासाठी वेगळं. क्लचला तेल शिवतच नाही, म्हणून ठरावीक मुदतही दिली गेली नाही.

तरीही तेलाने दगा दिलाच. उष्ण, दमट हवेत आणि रखडत चालणाऱ्या रहदारीत गिअरबॉक्समधल्या सिंथेटिक तेलामुळे विजेच्या पुरवठ्यात बिघाड होऊ शकतो, असं आढळलं. नोव्हेंबर 2013 मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्या परत बोलावल्या. उपाय होता खनिज तेल. महागडं सिंथेटिक काढून साधं खनिज भरायचं! त्याच वर्षी पुण्याजवळच्या चाकणला बनणारी पोलो जीटी टीएसआय हीच कोरडी पेटी घेऊन भारतात आली होती.

कोरड्या पेटीची गाडी चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथरत असेल, तर आधी क्लचची झीज तपासावी. चकत्या झिजल्या असतील, तर तेल बदलून थरथर थांबणार नाही. ओल्या पेटीत तसाच थरथराट आला आणि तेलाला जळका वास असेल, तर आधी तेल आणि फिल्टर बदलून पाहावं. दोन्ही वेळा डब्यावरच्या ‘डीसीटी’ या अक्षरांपेक्षा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला तेलाचा क्रमांक जुळवून घ्यावा.