त्रुबादूर

‘त्रुबादूर’ हा शब्द दक्षिण फ्रान्समधील ऑक्सितान भाषेतल्या ‘त्रोबार’, म्हणजे शोधणे किंवा रचणे, या क्रियापदावरून आला असून उत्तरेकडील जुन्या फ्रेंचमध्ये त्याच अर्थाने ‘त्रुव्हेर’ रूढ झाला. त्रुबादूरांच्या सुमारे २,५०० रचना उपलब्ध असल्या, तरी जेमतेम दहाव्या हिश्श्याच्याच चाली उरल्या आहेत. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील एका हस्तलिखितात स्वररेषा आखल्या आहेत, पण पुष्कळ ठिकाणी त्या रिकाम्याच आहेत. जिथे स्वर आहेत तिथेही बहुधा त्यांची उंची कळते, कालमान कळत नाही, त्यामुळे लयीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आज हा शब्द फिरत्या गीतकार-गायकाला लावला जातो, मात्र पहिला ज्ञात त्रुबादूर, ग्वीयोम, अ‍ॅक्वितेनचा ड्यूक होता.