दर आठवड्याला पोट साफ होण्याची गोळी?

साठीतले काका मेडिकलमध्ये आले. "नेहमीची बिसाकोडिलची पट्टी द्या."

"काका, तीन महिने दर आठवड्याला नेताय. हा त्रास जुना आहे का?"

"नाही, यंदाच सुरू झाला."

"शौचातून रक्त जातं?"

"कधीतरी. मूळव्याध असेल."

"असेलही, पण तपासल्याशिवाय कळणार नाही. पन्नाशीनंतर शौचाची सवय बदलली तर थायरॉइड, चालू औषधं किंवा आतड्यातली गाठही कारण असू शकते. गोळीने पोट साफ होतं, कारण तसंच राहतं."

"मग काय करू?"

"याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. पोट फुगून उलट्या झाल्या आणि गॅसही सरत नसेल, तर ही गोळी न घेता लगेच रुग्णालयात जा."