वंशावळीवरून वाहक-संभाव्यता

वंशावळीत निरोगी आईवडिलांची मुलगी थॅलसेमियाग्रस्त दिसली, तर दोष अप्रभावी ठरतो. तो एक्स गुणसूत्रावर असता, तर वडीलही बाधित असते. म्हणून तो अलिंगी गुणसूत्रावर आहे आणि आईवडील दोघेही वाहक आहेत. तिच्या निरोगी भावाची वाहक असण्याची संभाव्यता मात्र १/२ नव्हे, २/३ असते. तो निरोगी असल्याने चार शक्यतांपैकी बाधित असण्याची एक आधीच बाद होते. उरलेल्या तिनांपैकी दोन वाहकाच्या. बहुतेक उत्तरे इथेच चुकतात. त्याची पत्नीही दुसऱ्या कुटुंबातील अशाच रुग्णाची निरोगी बहीण असेल, तर पहिल्या अपत्याला आजार होण्याची संभाव्यता २/३ × २/३ × १/४, म्हणजे १/९. हिमोग्लोबिन ए२च्या तपासणीत दोघांपैकी एक जरी वाहक नसल्याचे निघाले, तर हे गणित जवळपास शून्यावर येते. दोघेही वाहक निघाले, तर १/४ वर जाते.