एकुलता एक परवाना : पेटंट कार्यालयाची वाटचाल

मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात देशाचे पेटंट महानियंत्रक बसतात. एखाद्या औषधाचे पेटंट एका कंपनीकडे असताना ते बनवण्याची मुभा दुसऱ्या कंपनीला देण्याचा अधिकार कायद्याने या खुर्चीला दिला आहे. पेटंटधारकाने नको म्हटले तरी चालते. त्याला रॉयल्टी मिळते, नकाराधिकार मात्र मिळत नाही. याला सक्तीचा परवाना म्हणतात. २००५ साली औषधांवर पुन्हा पेटंट देणे सुरू झाले, तेव्हापासून औषधासाठी असा परवाना एकदाच निघाला. तो का निघाला आणि नंतर का निघाला नाही, याचे उत्तर बरेचसे फॉर्म २७ नावाच्या एका छापील कागदात आहे.

त्याआधी थोडे मागे जायला हवे. १९११च्या कायद्याखाली कलकत्त्याला हे कार्यालय चालू झाले, तेव्हा औषधांवर पेटंट मिळत असे आणि ते बहुतांशी परदेशी कंपन्यांकडे असे. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९च्या अहवालात दाखवून दिले की यातली बरीच पेटंटे भारतात वापरलीच जात नाहीत. माल बाहेरून येतो आणि इथल्या उत्पादकाची वाट तेवढी अडते. त्यातून १९७०चा पेटंट कायदा आला आणि १९७२च्या एप्रिलमध्ये तो लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर, आणि तेही पाच ते सात वर्षांपुरते. दुसऱ्या पद्धतीने तोच रेणू कोणीही बनवावा. सिप्लासारख्या मुंबईच्या कंपन्या याच मोकळ्या जागेत मोठ्या झाल्या. त्या काळात सक्तीच्या परवान्याची कलमे कायद्यात होती, पण औषधांच्या बाबतीत त्यांची निकड कोणाला भासत नव्हती.

१ जानेवारी १९९५ला ट्रिप्स करार लागू झाला आणि ही सोय संपण्याची तारीख ठरली. विकसनशील देश म्हणून भारताला औषधांच्या पेटंटसाठी दहा वर्षांची मुदत मिळाली, पण दरम्यानचे अर्ज स्वीकारून ठेवण्याच्या अटीवर. कार्यालयाने ते नुसते स्वीकारून ठेवले. त्यासाठी कायद्याचा आधार नाही म्हणून अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि १९९७च्या अखेरीस भारत ती लढाई हरला. हा अर्जांचा गठ्ठा २००५ साली सोडला तेव्हा त्यात सुमारे नऊ हजार अर्ज निघाले.

करारात मोकळीक मुळातच होती. त्याच्या ३१व्या कलमात सक्तीचा परवाना कोणत्या कारणाने द्यावा याची यादीच नाही, फक्त तो देताना पाळायच्या अटी आहेत : प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तपासावा, आधी पेटंटधारकाकडे रीतसर मागणी झालेली असावी, परवाना एकाधिकाराचा नसावा, पुरेसा मोबदला द्यावा, माल मुख्यतः देशातच विकावा. तरी ही मोकळीक वापरण्याची भीती होती, कारण दक्षिण आफ्रिकेने स्वस्त औषधांसाठी कायदा केला तेव्हा औषध कंपन्यांनी सरकारलाच कोर्टात खेचले होते. १४ नोव्हेंबर २००१ला दोहा येथे मंत्र्यांनी जाहीरनामा काढला आणि परवान्याची कारणे ठरवण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक देशाला आहे, हे लिहून ठेवले. आणीबाणी असेल तरच सक्तीचा परवाना देता येतो, हा समज आजही अनेक वकिलांच्या तोंडी ऐकू येतो. तो चूक आहे. आणीबाणीत फक्त आधी वाटाघाटी करण्याची अट सुटते.

भारताने आपली कारणे कलम ८४मध्ये तीन ठेवली. पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावर कोणीही इच्छुक व्यक्ती म्हणू शकते की लोकांची वाजवी गरज भागत नाही, किंवा वस्तू परवडेल अशा वाजवी किमतीत मिळत नाही, किंवा शोध भारतात राबवला गेलेला नाही. तिन्हींपैकी एक सिद्ध झाले तरी पुरे.

याची कसोटी सोराफेनिबवर लागली. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरवरचे हे औषध. त्याने रोग बरा होत नाही. रुग्णाला काही महिने जास्त मिळतात, कधी त्याहून जास्त. बायरला त्याचे भारतीय पेटंट ३ मार्च २००८ला मिळाले. दिवसाला चार गोळ्या, म्हणजे महिन्याला १२० गोळ्यांचा डबा, किंमत २,८०,४२८ रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीने डिसेंबर २०१०मध्ये बायरला पत्र लिहून स्वेच्छेने परवाना मागितला आणि नकार घेतला. हे पत्र म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हता. कलम ८४ प्रमाणे अर्जदाराने वाजवी अटींवर परवाना मिळवायचा प्रयत्न केलेला असावा लागतो. तीन वर्षे उलटल्यावर, २०११च्या जुलैअखेर, नॅटकोने अर्ज ठेवला.

महानियंत्रक पी. एच. कुरियन यांच्यापुढे झालेल्या सुनावणीत वजन पडले ते फॉर्म २७चे. प्रत्येक पेटंटधारकाला आपला शोध भारतात किती राबवला, किती माल बनवला वा आणला, कितीला विकला, हे या फॉर्मवर तेव्हा दरवर्षी भरून द्यावे लागे. बहुतेक कंपन्या तो रडतखडत भरत, काही भरतच नसत. बायरने भरलेल्या फॉर्ममध्ये २००८ साली आयात शून्य आणि २००९ साली जेमतेम दोनशे डबे होते. रुग्ण मात्र हजारोंच्या संख्येत. औषध दोन टक्क्यांहून थोड्याच अधिक गरजूंपर्यंत पोचते, हा निष्कर्ष कंपनीच्याच सहीच्या कागदावरून निघाला.

बायरचा एक बचाव मला आजही हुशारीचा वाटतो. सिप्ला हेच औषध सुमारे तीस हजारांना बाजारात विकत होती. बायरचे म्हणणे, सिप्लाचाही माल पुरवठ्यात धरा, मग गरज भागते की नाही ते बघा. पण सिप्लाने पेटंटचा भंग केला म्हणून बायरने तिच्यावर दावा लावला होता. ज्याची विक्री तुम्ही कोर्टातून बंद पाडायला निघालात, त्याची विक्री तुमच्या खात्यावर कशी जमा धरायची? महानियंत्रकांनी हा मुद्दा फेटाळला. किमतीबद्दल बायरने संशोधनाचा खर्च पुढे केला. त्यावर निष्कर्ष असा की वाजवी किंमत घेणाऱ्याला परवडण्यावरून ठरते.

९ मार्च २०१२च्या आदेशात परवाना मिळाला आणि त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. डब्याची किंमत ८,८८० रुपयांच्या वर जाता कामा नये, म्हणजे गोळीमागे ७४ रुपये, आधीच्या २,३३७ रुपयांच्या जागी. नॅटकोने माल स्वतःच्या कारखान्यात बनवावा, दुसऱ्याकडून करून घेऊ नये. औषध फक्त मूत्रपिंड आणि यकृताच्या कॅन्सरसाठी आणि फक्त भारतात विकावे. वर्षाला किमान सहाशे गरीब रुग्णांना ते फुकट द्यावे. बायरला निव्वळ विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी, दर तिमाहीला हिशेबासह. करारातल्या अटी एकेक करून या कलमांत उतरल्या होत्या, म्हणूनच हा आदेश पुढे टिकला.

मार्च २०१३मध्ये अपील मंडळाने रॉयल्टी ७ टक्के केली, बाकी आदेश कायम ठेवला. जुलै २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने औषधाच्या बाबतीत गरज भागली असे म्हणायचे तर ती शंभर टक्के भागली पाहिजे, असे सांगितले. त्याच वेळी महानियंत्रकांच्या एका टोकाच्या मताला मुरड घातली : शोध राबवणे म्हणजे भारतातच उत्पादन, असे नाही, आयातही चालू शकते, पण इथे का बनवता येत नाही हे पेटंटधारकाने पटवून द्यावे. डिसेंबर २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बायरची याचिका दाखलही करून घेतली नाही. २०२० साली पेटंटची मुदत संपली आणि परवान्याचे कामही.

यानंतर रांग लागेल असे भाकीत होते. ते खोटे ठरले. मुंबईच्याच बीडीआर कंपनीने २०१३ साली डासाटिनिब या रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधासाठी अर्ज केला. तिने पत्र लिहिले होते, पण पेटंटधारकाने उलट काही प्रश्न विचारल्यावर ती गप्प बसली आणि वर्षभराने थेट अर्ज ठेवला. प्रयत्न खरा नव्हता म्हणून ऑक्टोबर २०१३मध्ये प्राथमिक छाननीतच अर्ज फेटाळला गेला. २०१६च्या जानेवारीत ली फार्माचा मधुमेहावरच्या सॅक्साग्लिप्टिनसाठीचा अर्ज फेटाळला गेला. त्याच गटातली दुसरी औषधे बाजारात होती, आणि नेमके हेच औषध किती जणांना हवे आणि किती जणांना मिळत नाही, याचे आकडे अर्जदाराकडे नव्हते. दोन्ही आदेश कायद्याला धरून आहेत, असे माझे मत. ढिसाळ अर्जाला परवाना दिला असता तर तो वरच्या कोर्टात उडाला असता.

निर्यातीचा रस्ता त्याहून अवघड निघाला. ज्या देशाकडे कारखानेच नाहीत त्याच्यासाठी ऑगस्ट २००३मध्ये जागतिक व्यापार संघटनेत वेगळी तरतूद झाली. भारतात ती कलम ९२अ म्हणून आली. तिचा प्रत्यक्ष वापर जगात एकदाच झाला : कॅनडाच्या अपोटेक्सने २००८-०९मध्ये रवांडाला एड्सच्या गोळ्या दोन खेपांत पाठवल्या. एका गोळीच्या एका गिऱ्हाइकासाठी दोन देशांत सूचना, ठरलेली संख्या, वेगळा रंग, वेगळे वेष्टन. पुन्हा या फंदात कोणी पडले नाही.

मग कार्यालयाचे बळ दुसऱ्या दारातून दिसले. करारात कोणत्या शोधाला पेटंट द्यायचे याचा उंबरठा देशाने ठरवायचा असतो, आणि भारताने तो कलम ३(ड)मध्ये उंच ठेवला आहे : माहीत असलेल्या रेणूचे नवे रूप आणले तर त्याने उपचाराची परिणामकारकता वाढली पाहिजे. शिवाय पेटंट मिळण्याआधीच कोणालाही हरकत घेता येते. बेडाक्विलिन या क्षयावरच्या औषधाच्या क्षाराचे पेटंट जॉन्सन अँड जॉन्सनने मागितले, तेव्हा क्षयावरच्या जुन्या औषधांनी श्रवणशक्ती गेलेल्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ साली मुंबईच्या कार्यालयात हरकत घेतली. २३ मार्च २०२३ला अर्ज नाकारला गेला आणि २०२७पर्यंत लांबू पाहणारा एकाधिकार त्याच वर्षीच्या जुलैत मूळ पेटंटबरोबर संपला. इथे परवाना लागलाच नाही.

फॉर्म २७चे मात्र निराळेच झाले. २०२०च्या नियमबदलात मालाची संख्या आणि वाजवी किमतीचा रकाना गेला, रकमेचा अंदाज तेवढा उरला. १५ मार्च २०२४च्या नियमांनी फॉर्म दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा केला आणि रकमेचा रकानाही काढला. शोध राबवला की नाही, एवढ्यावर काम भागते. त्याच महिन्यात युरोपातल्या चार देशांच्या एफ्टा गटाशी झालेल्या व्यापार करारातही तीन वर्षांची हीच मुदत आली. २०२५च्या जुलैत ब्रिटनशी झालेल्या कराराने तर औषध सर्वांपर्यंत पोचवण्याचा श्रेयस्कर मार्ग स्वेच्छेचे परवाने हाच आहे, असे लिहून टाकले. कलम ८४ला कोणी हात लावलेला नाही. दोनशे डब्यांचा आकडा सांगणारा कागद मात्र उद्याच्या नॅटकोला पेटंट कार्यालयात मिळणार नाही. तो आकडा तिला दुकानदारांकडून, रुग्णालयांतून, आयातीच्या नोंदींतून स्वतःच गोळा करावा लागेल.